पदर कोणत्या साडीचा? फोटोंच्या डिलिव्हरीतील नावे आणि फोल्डर

फोटो एडिटर काम संपल्यावर ग्राहकाला फोटोंची लिंक पाठवतो, तेव्हा तिच्यासोबत एक छोटा निरोपही जातो. कोणत्या फोल्डरमध्ये काय ठेवले आहे, फाइलच्या नावातील कोणत्या अक्षरांचा अर्थ काय, बदल हवा असेल तर तो कसा सांगायचा आणि कशाला हात लावायचा नाही, एवढे त्यात लिहिलेले असते. स्टुडिओत नोकरी करणाऱ्या एडिटरला अशा निरोपाची फारशी गरज पडत नाही, कारण शंका आलेला माणूस शेजारच्या टेबलावर बसलेला असतो. स्वतंत्रपणे काम करणारा एडिटर मात्र दुसऱ्या गावात असतो आणि बहुतेकदा एकाच वेळी चार-पाच ग्राहकांचे काम करत असतो. फोटो ज्याच्या हाती पडणार तो माणूस त्याने कधी पाहिलेलाही नसतो. ग्राहक लिंक पुढे पाठवतो ती वेबसाइट सांभाळणाऱ्याला, छापखान्याला किंवा दुकानातल्या मुलाला. त्या प्रत्येकाला फाइल उघडण्याआधी नावावरूनच ती कशाची आहे हे कळायला हवे.

उदाहरणासाठी येवल्यातील पैठणीच्या एका दुकानाचे काम घेऊ. दुकानाच्या मालकीणबाईंनी ४२ साड्यांचे फोटो काढून घेतले. प्रत्येक साडीचे पाच : नेसलेली, पदर, काठ, बुट्टी आणि घडी. म्हणजे २१० फोटो. ते तीन ठिकाणी वापरायचे आहेत : दुकानाच्या स्वतःच्या वेबसाइटवर, ॲमेझॉनसारख्या बाजारपेठेवर आणि दिवाळीच्या छापील कॅटलॉगमध्ये. प्रत्येक ठिकाणची गरज वेगळी असल्याने एकाच फोटोच्या तीन प्रती तयार होतात आणि डिलिव्हरीत ६३० फाइली जमतात. त्यांतल्या कितीतरी साड्या लांबून सारख्याच दिसतात. मोरपंखी रंगाच्या तिघी, राणी रंगाच्या चौघी, आणि काठाचा नुसता जवळून घेतलेला फोटो पाहून तो कोणत्या साडीचा हे विणकरालाही चटकन सांगता येणार नाही.

कॅमेरा फाइलला जे नाव देतो त्याचा इथे उपयोग होत नाही. मेमरी कार्डावर `DCIM` नावाचा फोल्डर असतो, त्यात `100CANON` किंवा `101ND850` असे फोल्डर आणि त्यांत `IMG_4821.JPG` किंवा `DSC_4821.NEF` अशा फाइली असतात. एका कंपनीच्या कॅमेऱ्याचे कार्ड दुसऱ्या उपकरणाला वाचता यावे म्हणून कॅमेरा उत्पादकांनी ही पद्धत मान्य केली आहे : चार अक्षरे, चार अंक. हे अंक ९९९९ पर्यंत जातात आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. त्यामुळे वर्षभर रोज वापरल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यात एकाच नावाचे दोन फोटो सहज निघतात, आणि दोन कॅमेऱ्यांनी शूट केले असेल तर एकाच दिवशीही निघू शकतात. शिवाय `DSC_4821` या नावात साडीबद्दल काहीच नाही. ते कॅमेऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी दिलेले असते.

एडिटर नवे नाव देताना एक नियम पाळतो : फोटोची ओळख फाइलच्या नावात, फोटोचा वापर फोल्डरमध्ये. कारण साधे आहे. फाइल फोल्डरमध्ये राहत नाही. ती ईमेलला जोडली जाते, डेस्कटॉपवर ओढली जाते, पेन ड्राइव्हवर जाते. `पैठणी / साडी १७ / पदर / 1.jpg` अशी मांडणी दिसायला नीटनेटकी असते, पण त्यातली `1.jpg` बाहेर काढली की ती कशाची हे सांगणारे काही उरत नाही, आणि शेजारी दुसऱ्या साडीची `1.jpg` येऊन पडली की संगणक पहिलीवर दुसरी लिहायची का, असे विचारतो. घाईत माणूस ‘हो’ म्हणतो. पद्धत तपासायची सोपी रीत म्हणजे कोणतीही एक फाइल उचलून रिकाम्या डेस्कटॉपवर ठेवायची आणि फक्त नाव वाचून ती कोणत्या साडीची, कोणता भाग, कितवी प्रत आणि कशासाठी हे सांगता येते का ते पाहायचे.

येवल्याच्या कामात एडिटरने ठरवलेले नाव असे दिसते :

```
pth017_2-padar_v1_web.jpg
```

अधोरेषेने चार तुकडे पाडले आहेत. `pth017` हा दुकानाचा साडी क्रमांक. `2-padar` म्हणजे त्या साडीचा दुसरा फोटो, पदराचा. `v1` म्हणजे पहिली प्रत. `web` म्हणजे वेबसाइटसाठी. तुकडे वेगळे करायला नेहमी अधोरेषा आणि तुकड्याच्या आत गरज पडली तर जोडरेषा, एवढे पाळले की नावे एक्सेलमध्ये आणून रकाने पाडणेही सोपे होते.

यातला साडी क्रमांक एडिटरने मनाने ठरवायचा नसतो. तो दुकानाच्या स्टॉक रजिस्टरमधूनच यायला हवा, कारण पुढे विक्री, बिल आणि वेबसाइट यांच्याशी फोटोला जोडणारा धागा तोच आहे. रजिस्टरमधले क्रमांक मात्र कागदासाठी लिहिलेले असतात. तिथे ‘१७/अ’ असे असते, आणि तिरकी रेघ विंडोजवर फाइलच्या नावात चालत नाही. विंडोजला `\ / : * ? " < > |` ही नऊ चिन्हे नावात अजिबात खपत नाहीत. म्हणून १७/अ चे `pth017a` करावे लागते आणि ते कसे केले हे ग्राहकाला लिहून कळवावे लागते. रंगावरून संक्षेप करण्याचा मोहही टाळलेला बरा. मरून रंगाच्या सतराव्या साडीला कोणी `mar17` म्हटले आणि ती यादी एक्सेलमध्ये टंकली, की एक्सेल तिची १७ मार्च करून टाकते. नुसता `017` लिहिला तर पुढचे शून्य गळून १७ उरते. एक्सेलची ही खोड इतकी चिवट आहे की २०२० मध्ये मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने `MARCH1` आणि `SEPT1` यांसारखी नावेच बदलली, कारण शास्त्रज्ञांच्या तक्त्यांतून जनुकांच्या जागी तारखा निघत होत्या. `pth017` मध्ये अक्षरे पुढे आहेत आणि ती कोणत्याही महिन्याची नाहीत, म्हणून ते एक्सेलमधून सुखरूप बाहेर येते.

क्रमांकातले शून्य शोभेचे नाही. विंडोज आणि मॅकच्या फोल्डर-खिडक्या अंक ओळखून १, २, १० असा क्रम लावतात, त्यामुळे घरच्या संगणकावर शून्याची उणीव जाणवतच नाही. पण वेबसाइटचे अनेक प्रोग्रॅम आणि सर्व्हर नाव डावीकडून एकेक अक्षर वाचत जातात. त्यांच्या लेखी `pth10` हे `pth2` च्या आधी येते, कारण १ हा २ च्या आधी आहे. तीन अंकी जागा ठेवली की ९९९ साड्यांपर्यंत क्रम कुठेही बिघडत नाही. `2-padar` मधल्या अंकाचे कामही असेच आहे. नुसते शब्द असते तर वर्णक्रमाने `butti`, `ghadi`, `kath`, `nesleli`, `padar` असे फोटो लागले असते, म्हणजे गिऱ्हाइकाला आधी बुट्टी दिसली असती आणि पदर शेवटी. पैठणी विकली जाते ती पदरावर. म्हणून मालकीणबाईंना हवा तो क्रम अंकाने बांधून ठेवला : नेसलेली, पदर, काठ, बुट्टी, घडी.

आता नावाची रचना कितीही चांगली असली तरी ते योग्य फोटोला लागले पाहिजे, आणि खरी गफलत इथेच होते. शूटच्या वेळी प्रत्येक साडी सुरू होण्याआधी तिचा क्रमांक लिहिलेल्या पाटीचा किंवा कार्डाचा एक फोटो घेतला जातो. एडिटर फोटो उतरवून घेतो तेव्हा कार्ड दिसले की पुढचे पाच फोटो त्या साडीचे, असे धरून अॅडोबी ब्रिजसारख्या प्रोग्रॅममध्ये एकगठ्ठा नावे बदलतो. फोटोग्राफर एखाद्या साडीचे कार्ड घ्यायला विसरला तर काय होते, ते मोजणीत सापडते : सतराव्या साडीचे दहा फोटो होतात आणि अठराव्या साडीचा एकही निघत नाही. प्रत्येक क्रमांकाखाली बरोबर पाच फाइली आहेत का, एवढे पाहिले की ही चूक उघडी पडते.

मोजणीत न सापडणारी चूक वेगळी असते. मदतनीस अठरावी साडी आधी उलगडतो आणि कार्ड मात्र सतराव्याचे लावतो, मग सतरावी साडी आणि अठराव्याचे कार्ड. दोन्हींकडे पाच-पाच फोटो आहेत आणि एकूण बेरीज २१० भरते. दोन्ही साड्या मोरपंखी असतील तर एडिटरला स्वतःहून काहीच कळणार नाही. ते फक्त दुकानातला माणूस रजिस्टर आणि साडी समोर ठेवून सांगू शकतो : सतराव्या साडीच्या पदरावर बांगडी मोर आहे आणि अठराव्या साडीवर मुनिया. म्हणून चांगला एडिटर रिटचिंग सुरू करण्याआधीच ४२ साड्यांच्या पदरांचा एक छोटा तक्ता, प्रत्येकाखाली क्रमांक टाकून, ग्राहकाला पाठवतो आणि त्यावर होकार घेतो. हा होकार मिळेपर्यंत नावे पक्की धरायची नाहीत. नंतर हीच चूक सापडली तर दोन साड्यांच्या मिळून तीस फाइली, त्यांची यादी आणि वेबसाइटवर चढलेली पाने, सगळे उलगडावे लागते. दरम्यान मुनियाची ऑर्डर दिलेल्या बाईंच्या घरी मोर पोचलेला असतो.

नवे नाव दिले तरी जुने नाव हरवू द्यायचे नसते. सहा महिन्यांनी मालकीणबाई म्हणतात की सतराव्या साडीचा पदर मोठ्या फ्लेक्ससाठी पुन्हा हवा. तेव्हा एडिटरला कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल शोधावी लागते. ब्रिजमध्ये नाव बदलताना जुने नाव फाइलच्या आतल्या माहितीत जपून ठेवण्याची सोय आहे. पण वेबसाइट आणि मेसेजिंग ॲप अशी आतली माहिती बऱ्याचदा काढून टाकतात. म्हणून डिलिव्हरीसोबत एक साधी यादी दिलेली बरी :

```
new_name,camera,original
pth017_2-padar,A,DSC_4821.NEF
pth017_3-kath,B,DSC_4821.NEF
```

इथे दोन्ही ओळींत कॅमेऱ्याचा क्रमांक एकच आला आहे, आणि मधल्या रकान्यातल्या A-B मुळेच ते दोन वेगळे फोटो आहेत हे कळते.

नावात कोणती अक्षरे वापरायची यावर ग्राहक आणि एडिटर यांचे अनेकदा एकमत नसते. दुकानातल्या माणसांना मराठी नावे सोयीची वाटतात, आणि ती वाटणे रास्तही आहे. फोन आणि संगणक देवनागरी नावे विनातक्रार ठेवतात. अडचण येते ती वेबसाइटवर. वेबच्या पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह टक्केवारीच्या खुणा आणि अंक-अक्षरे मिळून नऊ जागा घेते, कारण आतून ते तीन बाइटांत साठवलेले असते. एकटा `प` तिथे `%E0%A4%AA` होतो, आणि `पैठणी` या एका शब्दाचे ४५ अक्षरांचे शेपूट तयार होते. दुसरी अडचण जास्त कपटी आहे. ‘कोऱ्या’ मधला अर्धा र संगणकावर दोन वेगळ्या प्रकारे टंकता येतो आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. `कोऱ्या-साड्या` नावाचा फोल्डर एकाने एका कीबोर्डवर आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर टंकला, तर संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे फोल्डर असतात. डोळ्यांना न दिसणारी ही चूक शोधताना चांगल्या जाणकाराचाही दिवस जातो. तडजोड अशी की फाइलचे नाव रोमन लिपीत, पण शब्द मराठीच : `padar`, `kath`, `butti`. यांना `pallu` किंवा `border` करण्याची काही गरज नाही, दुकानात कोणी तसे म्हणत नाही.

रोमन लिपीतही सगळी अक्षरे लहानच ठेवायची. विंडोजला `Padar.JPG` आणि `padar.jpg` ही एकच फाइल वाटते. बहुतेक वेबसाइट ज्या लिनक्स सर्व्हरवर चालतात त्याला त्या दोन वेगळ्या वाटतात. त्यामुळे वेबसाइट बनवणाऱ्याच्या विंडोज संगणकावर पान व्यवस्थित दिसते आणि सर्व्हरवर चढवले की फोटोच्या जागी रिकामी चौकट येते. कॅमेरे शेवटचे `.JPG` मोठ्या अक्षरांत लिहितात, त्यामुळे नुसते पुढचे नाव बदलणारा माणूस इथे हमखास फसतो. नावात मोकळी जागाही सोडत नाहीत, कारण वेबच्या पत्त्यात तिचे `%20` होते.

प्रतीचा तुकडा, म्हणजे `v1`, काही एडिटर अंतिम डिलिव्हरीत काढून टाकतात. त्यांचे म्हणणे असे की नाव तेच राहिले तर वेबसाइटवरचा दुवा तुटत नाही, नवी फाइल जुन्याच्या जागी बसते. हे खरे आहे, पण ब्राउझर एकदा उतरवलेला फोटो साठवून ठेवतात. नाव तेच असेल तर गिऱ्हाइकाला कित्येकदा जुनाच फोटो दिसत राहतो. रंग सुधारला आहे असे एडिटर सांगतो आणि मालकीणबाईंच्या फोनवर तो सुधारलेला नसतो. त्यापेक्षा `v2` असे नाव बदलून पाठवलेले बरे. वेबसाइटवर एक दुवा बदलावा लागतो, पण कोणता फोटो नवा यावर वाद होत नाही. `final`, `final2`, `final_new` ही नावे मात्र कुठल्याच पद्धतीत बसत नाहीत, कारण त्यांतले शेवटचे कोणते ते नावावरून ठरत नाही.

नाव इतके बोलके असले की फोल्डरला फार काही करावे लागत नाही. येवल्याच्या डिलिव्हरीतले फोल्डर एवढेच आहेत :

```
pth_2024-10-05/
  00_aadhi-vacha/
  01_web/
  02_market/
  03_print/
```

बाहेरच्या फोल्डरवर तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहिली आहे, म्हणजे पुढच्या डिलिव्हऱ्या आपोआप कालक्रमाने खाली लागतात. आत प्रत्येक साडीचा वेगळा फोल्डर केलेला नाही. ४२ फोल्डर केले असते तर वेबसाइटवर फोटो चढवणाऱ्याला ४२ वेळा आत-बाहेर करावे लागले असते. २१० फाइली एकाच ठिकाणी असल्या तरी नावांमुळे साडीचे पाचही फोटो शेजारी शेजारी लागतात. फोल्डरात फोल्डर घालत जाण्याचा आणखी एक तोटा विंडोजवर दिसतो. तिथे अनेक प्रोग्रॅम फाइलचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंत, २६० अक्षरांपलीकडे गेला की ती फाइल उघडत नाहीत. एडिटरकडे पत्ता लहान असतो. ग्राहकाकडे तोच फोल्डर ‘डेस्कटॉप’मधल्या ‘दुकान’मधल्या ‘नवीन फोटो दिवाळी’मध्ये जातो आणि झिप उलगडताना मधल्याच काही फाइली गळतात.

तीन फोल्डरांतले फोटो दिसायला सारखे, पण आतून वेगळे आहेत. `01_web` मधली फाइल लांब बाजूला २००० पिक्सेलची जेपेग असते. ही फाइल छापखान्यात गेली तर इंचाला ३०० ठिपके या नेहमीच्या हिशेबाने तिची छपाई जेमतेम १७ सेंटिमीटर लांबीपर्यंत सुरेख येते. पूर्ण पानावर ताणली की जरीच्या तारा विरघळल्यासारख्या दिसतात. उलट `03_print` मधली टिफ फाइल बहुतेक ब्राउझरना दाखवताच येत नाही. म्हणून वापराचा शब्द फोल्डरवर असूनही नावाच्या शेवटी पुन्हा घातला आहे. ही द्विरुक्ती मुद्दाम आहे. छापखान्यातल्या माणसाला फोल्डर दिसत नाही, त्याला फक्त आलेली फाइल दिसते, आणि `_web` वाचून तो फोन करतो.

`02_market` मध्ये मात्र एडिटरची पद्धत चालत नाही, बाजारपेठेची चालते. ॲमेझॉनवर फोटो एकगठ्ठा चढवायचे तर नावात आधी त्यांचा दहा अक्षरी वस्तू क्रमांक, मग टिंब, मग ठरलेला संकेत लागतो. मुख्य फोटोला `MAIN` आणि इतरांना `PT01`, `PT02` असे. जोडरेषा किंवा मोकळी जागा आली की फोटो चढत नाही. मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा, हे त्यांचे आणखी दोन नियम. त्यामुळे या फोल्डरातली नावे `pth017` ने सुरू होत नाहीत, आणि कोणता वस्तू क्रमांक कोणत्या साडीचा हे यादीत वेगळ्या रकान्यात लिहावे लागते.

हे सगळे ग्राहकाला सांगायचे नसते. नऊ चिन्हे, २६० अक्षरे आणि अर्धा र ही एडिटरने आपल्यापाशी ठेवायची कारणे आहेत. निरोप फोनवर, दुकानात गिऱ्हाईक समोर असताना वाचला जातो. पडदा दोनदा सरकवण्याइतकाच तो असावा. येवल्याच्या कामाचा निरोप असा लिहिता येईल :

> नमस्कार ताई, ४२ साड्यांचे फोटो तयार आहेत, लिंक खाली देत आहे. आत तीन फोल्डर आहेत. `01_web` तुमच्या वेबसाइटसाठी, `02_market` ॲमेझॉनसाठी, `03_print` कॅटलॉगच्या छपाईसाठी. प्रत्येकात २१० फोटो आहेत, उतरवून झाल्यावर एकदा मोजून घ्या.
>
> नाव असे वाचायचे : `pth017_2-padar_v1_web` म्हणजे रजिस्टरमधली १७ नंबरची साडी, दुसरा फोटो, पदर, पहिली प्रत, वेबसाइटसाठी. रजिस्टरमधली १७/अ इथे `pth017a` आहे.
>
> कृपया फाइलची नावे बदलू नका. बदल हवा असेल तर नाव लिहून कळवा, उदा. “`pth017_2-padar` : जांभळी झाक कमी करा.” सुधारलेला फोटो `v2` नावाने येईल, तेव्हा `v1` काढून टाका.
>
> छापखान्याला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका, `03_print` ची लिंकच पाठवा. लिंक ३० दिवस चालू राहील. मूळ फाइली माझ्याकडे एक वर्ष राहतील. बाकी तपशील `00_aadhi-vacha` मध्ये आहे.

यातल्या “नावे बदलू नका” या वाक्यावर ग्राहक सहसा हसतात, कारण फोटो त्यांचेच असतात. पण नाव बदलले की फोटो आणि यादी यांचा संबंध तुटतो. ग्राहकाने `pth017_2-padar_v1_web.jpg` चे ‘ताईंची आवडती.jpg’ केले आणि नंतर त्यातच सुधारणा मागितली, तर एडिटरला २१० फोटोंमध्ये डोळ्यांनी शोधावे लागते. ग्राहकाला हवे ते नाव देण्यासाठी फाइलची प्रत काढून ती दुसरीकडे ठेवायला हरकत नसते, हे तोंडी सांगितले की तणाव मिटतो.

बदल कळवण्याची रीत निरोपात का घातली, हे पहिल्याच फेरीत दिसते. “मोरपंखी साडीचा पदर जरा गडद हवा” असा निरोप आला, तर तो तिघींपैकी कोणाचा? पैठणीत उभे आणि आडवे धागे वेगळ्या रंगांचे असले की प्रकाशाच्या दिशेनुसार रंग फिरतो, त्यामुळे मालकीणबाई जिला मोरपंखी म्हणतात ती एडिटरच्या पडद्यावर हिरवी दिसत असू शकते. क्रमांक आला की प्रश्नच उरत नाही. सुधारणा झाल्यावर एडिटर सगळे ६३० फोटो पुन्हा पाठवत नाही. नव्या तारखेचा फोल्डर तयार करून त्यात तेच तीन उपफोल्डर आणि फक्त बदललेल्या फाइली ठेवतो. पदराचा एक फोटो बदलला तरी तीन फाइली बदलतात, हे ग्राहकाच्या लक्षात येत नाही. वेबसाइटवर नवा रंग आणि कॅटलॉगमध्ये जुना, असा प्रकार त्यातून होतो. म्हणून दुसऱ्या निरोपात बदललेल्या नावांची पूर्ण यादी द्यावी लागते, मग ती तीनच ओळींची का असेना. ॲमेझॉनच्या ठरीव नावात `v2` ला जागा नसल्याने तिथली फाइल त्याच नावाने पुन्हा चढवायची, हेही त्याच यादीत लिहायचे.

नावे आणि फोल्डर जपून पोचवणे हा शेवटचा टप्पा, आणि इथे दोन गोष्टी नेहमी आडव्या येतात. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेली फाइल लहान केली जाते आणि अँड्रॉइड फोनवर तिला `IMG-20241005-WA0007.jpg` असे नवे नाव मिळते. एडिटरने दिलेली सगळी माहिती त्या क्षणी पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास नाव आणि आकार दोन्ही टिकतात. दुसरी अडचण गूगल ड्राइव्हची. मोठा फोल्डर उतरवायला घेतला की ड्राइव्ह त्याच्या सुमारे दोन-दोन जीबीच्या अनेक झिप फाइली करते, आणि एकाच फोल्डरातले फोटो वेगवेगळ्या झिपमध्ये विभागले जातात. २४ मेगापिक्सेलची एक टिफ दाबून लहान न करता ठेवली तर ७२ एमबीच्या आसपास जाते. २१० फाइलींचे १५ जीबी होतात, म्हणजे सात-आठ झिप. त्यांतली एक उतरायची राहिली तरी कोणताही इशारा मिळत नाही, फक्त काही साड्यांचे काठ किंवा घड्या दिसत नाहीत. निरोपातले “मोजून घ्या” हे तीन झिपपेक्षा सात झिपच्या वेळी जास्त कामाचे ठरते, आणि `03_print` मध्ये २१० ऐवजी १८३ आले तर कोणत्या क्रमांकांच्या साड्या अपुऱ्या आहेत ते नावांवरून लगेच कळते.

ही पद्धत जशीच्या तशी लग्नाच्या फोटोंना लावता येत नाही. तिथे वस्तू क्रमांक नसतो, फोटोची ओळख वेळेवरून आणि विधीवरून ठरते : हळद, सीमान्तपूजन, अंतरपाट, सप्तपदी. त्यामुळे तिथे विधीनुसार फोल्डर आणि नावात वेळेचा क्रम असे उलटे करावे लागते. दोन फोटोग्राफरांच्या कॅमेऱ्यांची घड्याळे पाच मिनिटांनी जरी पुढे-मागे असली तरी अक्षता आधी आणि अंतरपाट नंतर असा क्रम लागतो. नावे देण्याआधी घड्याळांतला तो फरक काढून टाकणे हे तिथले पहिले काम.

लिंकची आणि मूळ फाइलींची मुदत निरोपात लिहिणे अनेक एडिटर टाळतात, कारण ते कोरडे वाटते. पण कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली आणि रिटचिंगचे थर असलेल्या फाइली सहसा डिलिव्हरीत दिल्या जात नाहीत, त्या एडिटरच्या हार्ड डिस्कवरच राहतात आणि ती भरली की जुने काम काढून टाकावे लागते. त्या हव्या असतील तर त्याचे वेगळे ठरवून घ्यायचे असते. मुदत लिहिलेली असली की मालकीणबाई वर्ष संपण्याआधी विचारू शकतात. मुदत संपल्यावर एडिटर यादीची फाइल मात्र ठेवतो. ती काही केबींचीच असते, आणि फोटोग्राफरकडे कॅमेऱ्याच्या मूळ फाइली शिल्लक असतील तर सतराव्या साडीचा पदर `DSC_4821` या नावाने, A कॅमेऱ्याच्या फोल्डरात, तिच्यावरून शोधता येतो.